३२ मिमीची सळई लॅप करायची की कपलर लावायचा: एका कॉलमचा पूर्ण हिशोब, आणि कपलर लावताना काय काय बघायचं

लॅप म्हणजे दोन सळया शेजारी ठेवून बांधणं आणि कपलर म्हणजे त्यांना टोकाला टोक जोडणारी पोलादी नळी. १६ मिमीपर्यंत हा प्रश्नच येत नाही, लॅप मारायचा, बांधायचं आणि पुढं जायचं. २० ला पण बहुतेक वेळा लॅपच बरा पडतो. खरी ओढाताण २५ पासून सुरू होते आणि ३२ ला आलं की लॅप कागदावर बसतो पण कॉलममध्ये बसत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. ४० मिमीला तर विचारायचंच नाही, एवढ्या जाड बारला लॅप चालत नाही असं कोडच सांगतो. म्हणून इथं ३२ मिमीचीच केस घेतो, कारण परवानगी दोन्हीला आहे आणि चुका पण इथंच सगळ्यात जास्त होतात.

आधी लॅप म्हणजे नक्की काय होतं ते बघू. दोन बार शेजारी ठेवून तारेनं बांधले म्हणजे ते जोडले गेले असं नाही, तार फक्त काँक्रीट होईपर्यंत जागेवर धरायला असते. एका बारमधला ताण आधी काँक्रीटमध्ये जातो आणि काँक्रीटमधून दुसऱ्या बारमध्ये. बारवरच्या रिब काँक्रीटला पाचरीसारख्या बाहेर ढकलतात, त्यामुळं लॅपच्या पूर्ण लांबीत कव्हर फुटायला बघतं आणि त्याला धरून ठेवतात त्या रिंगा. बार जाड झाला की त्याच्यातला जोर व्यासाच्या वर्गानं वाढतो पण काँक्रीटला चिकटायचा परीघ फक्त व्यासाच्या पटीत वाढतो. म्हणून जाड बारला लॅप लांब लागतो आणि तरी फुटायची भीती जास्तच राहते.

कॉलमचा हिशोब

६०० बाय ६०० चा कॉलम, १६ बार ३२ मिमीचे, एम ४० काँक्रीट, एफई ५०० स्टील. मजल्याची उंची ३.६ मीटर, बीम ६०० खोल, म्हणजे कॉलमची मोकळी उंची ३ मीटर. भूकंपाचं डिझाइन आहे म्हणून लॅप ताणाचा धरायचा, नुसता दाबाचा धरून चालणार नाही. आयएस ४५६ चं सूत्र हे:

```
Ld = (φ × σs) / (4 × τbd)
   = (32 × 435) / (4 × 3.04)
   = 1145 मिमी
```

यात ४३५ म्हणजे ५०० चे ०.८७, आणि ३.०४ म्हणजे एम ४० चा बाँड स्ट्रेस १.९ गुणिले रिबवाल्या बारसाठी १.६. धरा ११५० मिमी, साधारण ३६ डी, म्हणजे व्यासाच्या ३६ पट. हेच एम ३० असतं तर १४५० मिमी झालं असतं. काही साईटवर सगळ्याला सरसकट ५० डी लावतात, तिथं ३२ चा लॅप १६०० होतो, पण आपण खरा हिशोबच धरू.

आता भूकंपाचा कोड आयएस १३९२० काय म्हणतो बघा. कॉलममधला लॅप मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच पाहिजे, आणि एका ठिकाणी अर्ध्यापेक्षा जास्त बार लॅप करायचे नाहीत. ३ मीटरचा मधला अर्धा भाग म्हणजे खालून ७५० पासून २२५० पर्यंत, १५०० मिमीची खिडकी. आठ बारचा लॅप ११५० मध्ये बसला. उरलेल्या आठांचा लॅप वर सरकवायचा, आणि सरकवला असं मानायला एका लॅपच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत लॅपच्या १.३ पट अंतर लागतं, म्हणजे जवळजवळ १५०० मिमी. एकूण जागा लागते ११५० अधिक १५००, म्हणजे २६५० मिमी. आणि खिडकी आहे १५०० ची.

म्हणजे एकाच मजल्यावर सगळे बार नियमानं लॅप होतच नाहीत! हे ड्रॉइंगवर कुठं लिहिलेलं नसतं, तिथं 'अर्धे बार स्टॅगर करा' एवढी एक ओळ असते आणि साईटवर फिटर बिचारा सोळाच्या सोळा बार स्लॅबच्या वर एकाच उंचीवर लॅप करून मोकळा होतो, कारण त्याला दुसरा मार्गच दिसत नाही. नियमात राहून करायचं तर आठ बार या मजल्यावर आणि आठ पुढच्या मजल्यावर लॅप करायचे, मग प्रत्येक बार दोन मजल्यांचा अधिक लॅप, ८.३५ मीटरचा. तेवढा ३२ मिमीचा बार उभा करून धरायचा, वाऱ्यात हलतो, सव्वा सहा किलो मीटरला म्हणजे एक बार ५० किलोच्या वर. करता येतं, पण आधार देऊन आणि सांभाळून.

गर्दीचं पण बघा. १६ बारचं क्षेत्रफळ कॉलमच्या ३.५७ टक्के होतं. अर्धे लॅप केले की त्या भागात ५.३६ टक्के, आणि सगळे एकदम केले की ७.१५. लॅप येणार असेल तर कॉलममधलं स्टील शक्यतो ४ टक्क्यांच्या आत ठेवा असं आयएस ४५६ म्हणतं, आपण लॅप नसताना त्याच्या आत आहोत. शेजारच्या दोन बारमधली मोकळी जागा ८५ मिमी होती ती लॅपमुळं ५३ वर येते, त्यात लॅपच्या पूर्ण लांबीत रिंगा १०० मिमीला, आतल्या क्रॉस टाय वेगळ्या. व्हायब्रेटरची सुई आत जाते पण कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि शटर काढल्यावर हनीकोंब दिसतं ते बरोब्बर लॅपच्याच उंचीवर.

वजनाचा मुद्दा

कपलर महाग पडतो हे वाक्य २० मिमीला खरं आहे, ३२ ला नेहमीच नाही. लॅपची लांबी व्यासाच्या पटीत वाढते आणि मीटरचं वजन व्यासाच्या वर्गानं, म्हणजे लॅपमध्ये जाणारं स्टील व्यासाच्या घनानं वाढतं. वरच्याच काँक्रीटमध्ये १६ मिमीच्या एका लॅपला ०.९ किलो जातं, २५ ला साडेतीन किलो आणि ३२ ला सव्वासात किलो. व्यास दुप्पट, स्टील आठपट. आपल्या कॉलमला १६ बार, सगळ्यांचा एकेक लॅप धरला तर ११६ किलो स्टील फक्त लॅपमध्ये, वर जास्तीच्या रिंगा. तुलना करताना एका बाजूला हे स्टील, रिंगा आणि बांधायची मजुरी धरा, दुसऱ्या बाजूला कपलर, दोन्ही टोकांचं थ्रेडिंग, टेस्टिंग आणि मशीन साईटवर आणायचा खर्च. थोडेच जॉइंट असतील तर मशीनचाच खर्च अंगावर येतो, मग २५ पर्यंत लॅप बरा. शेकड्यांनी जॉइंट असतील तर २५ ला पण कपलर परवडायला लागतो.

कपलर घ्यायचं ठरलं, आता कामाचा क्रम

थ्रेडवाला कपलर म्हणजे आतून आटे असलेली पोलादी नळी, ३२ साठी बाहेरचा व्यास साधारण ५० मिमी आणि लांबी ७५ ते ८० मिमी. कंपनीप्रमाणं थोडा फरक असतो. मी भारी कामाला फोर्जिंग करून थ्रेड केलेलाच सांगतो. कारण सरळ बारवर आटे कापले तर आट्याच्या मुळाशी बार बारीक होतो आणि ओढल्यावर तिथंच तुटतो. फोर्जिंगमध्ये बारचं टोक आधी थंडच दाबून फुगवतात, मग फुगलेल्या भागावर आटे पाडतात, त्यामुळं आट्याच्या मुळाशी पण मूळ बारएवढा लोखंडाचा गाभा राहतो.

पहिलं काम कापण्याचं. शिअर कटरनं कापलेलं टोक एका बाजूला चेपतं आणि तिरकं होतं, त्याच्यावर फोर्जिंग केलं की फुगवटा एका अंगाला येतो आणि आटे अर्धवट पडतात. टोक करवतीनं किंवा कटिंग चाकानं काटकोनात कापायचं. बारच्या लॉटचं शिअर केलेलं टोक पण २–३ सेंमी कापून टाकायचं, वाया जातं म्हणून जीव तुटतो पण कापायचंच. टोकाजवळचा अर्धा मीटर सरळ आहे का तेही बघायचं, वाकडा असेल तर कपलर फिरताना अडतो.

फोर्जिंग आणि थ्रेडिंग झालं की दोन गेज लावायचे. गो गेज हातानं पूर्ण आत गेला पाहिजे आणि नो-गो दोन-तीन आट्यांच्या पुढं जाता कामा नये. सुरुवातीला प्रत्येक बार, नंतर दहात एक. मशीनचे दात बदलले की परत प्रत्येक बार. थ्रेडची लांबी कपलरच्या लांबीच्या अर्धी असते, ती पट्टीनं मोजायची. मग लगेच प्लॅस्टिकची टोपी घालायची, आणि ती कपलर लावायच्या क्षणापर्यंत काढायची नाही. हे वाक्य तुम्हाला किरकोळ वाटेल, पुढं त्याचीच गोष्ट आहे.

बसवताना खालच्या उभ्या बारवर कपलर पूर्ण अर्धा बसवायचा, वरचा बार त्यात उभा धरून हातानं फिरवत खाली आणायचा, दोन्ही बारची टोकं मध्ये एकमेकांना टेकली पाहिजेत, आणि मग पाईप पाना लावून कसायचं. हे कसणंच महत्त्वाचं. टोकं टेकून घट्ट दाबली गेली नाहीत तर आट्यांमध्ये जो सूक्ष्म मोकळेपणा असतो तो बार ओढला जाताना आधी सरकतो. बार तुटणार नाही, पण त्या जागी काँक्रीटला रुंद तडा जातो. म्हणूनच टेस्टमध्ये फक्त ताकद बघत नाहीत तर स्लिप पण मोजतात, आणि ती ०.१० मिमीच्या आत लागते. ३२ ला टॉर्क साधारण ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, पण कंपनी जो आकडा देते तोच धरायचा, आणि टॉर्क पाना निदान काही जॉइंटवर तरी फिरवून बघायचा. मीटरभर लांबीच्या पान्यावर माणसानं नीट जोर दिला की तेवढा येतो, फुटभर पान्यावर येत नाही, आणि बहुतेक साईटवर फुटभराचाच पाना असतो.

कळायचं कसं की दोन्ही बार बरोबर अर्धे गेले? नाहीतर खालचा बार दोन तृतीयांश आत आणि वरचा एक तृतीयांशच, बाहेरून बघितलं तर जॉइंट अगदी ठीक. यावर सोपा उपाय म्हणजे फोर्जिंग झाल्यावरच प्रत्येक बारवर टोकापासून कपलरच्या अर्ध्या लांबीवर पेंटची रेघ मारायची. कसल्यावर दोन्ही रेघा कपलरच्या कडेला लागून दिसल्या पाहिजेत, फार तर एक-दोन आटे बाहेर. एखादी रेघ बोटभर लांब असली तर तो बार कमी गेलाय, आणि रेघ दिसतच नसेल तर तो जास्त गेलाय म्हणजे समोरचा कमी. जॉइंट तपासला की कपलरवर दुसऱ्या रंगाचा ठिपका मारायचा, म्हणजे काँक्रीटच्या आधी लांबूनच दिसतं काय राहिलंय.

आपल्या ६०० च्या कॉलममध्ये कपलरची पहिली रांग स्लॅबपासून ९०० वर आणि दुसरी १६५० वर घेतली, दोन्ही त्या १५०० च्या खिडकीत आरामात बसतात, आठ-आठ बार. कुठल्या उंचीवर आणि किती अंतर सोडून हे डिझायनरच ठरवेल, पण जागेची भांडणं मिटतात हे खरं. एक गोष्ट मात्र स्वतः बघायची, कव्हर. बारची त्रिज्या १६ आणि कपलरची २५, म्हणजे कपलर चारी बाजूंनी ९ मिमी बाहेर येतो. कपलरवरूनच रिंग गेली तर ती रिंग ९ मिमी बाहेर ढकलली जाते आणि ४० चं कव्हर ३१ होतं. म्हणून रिंग कपलरच्या खाली आणि वर घ्यायची, कपलरच्या अंगावरून कधी नाही. १०० ला रिंगा असल्या तर दोन रिंगांमध्ये ९० मिमी मोकळं मिळतं आणि ७५–८० चा कपलर त्यात बसतो. तसं केलं की कपलरच्या बाहेर ४१ मिमी काँक्रीट राहतं.

एक झालेली गडबड

एका कामावर राफ्टमधून ३२ चे स्टार्टर बाहेर काढले होते, आटे पाडलेले, टोप्या लावलेल्या. राफ्टच्या काँक्रीटनंतर मी आठवड्यानं गेलो तर निम्म्या टोप्या गायब. कुणीतरी लेव्हल घेताना काढल्या असतील, नाहीतर होजचा धक्का लागला असेल. आट्यांत स्लरी बसून वाळलेली. फिटरनं तारेच्या ब्रशनं घासली, जिथं निघाली तिथं कपलर चढवला, जिथं अडला तिथं ग्राइंडर फिरवून आट्यांची टोकं उतरवली आणि मग कपलर 'छान जातोय' म्हणाला. त्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी एका कॉलमचे सोळा जॉइंट रेघेवरून बघितले तर पाच ठिकाणी रेघ कपलरपासून १५–२० मिमी लांब, म्हणजे जवळजवळ अर्धेच आटे धरलेले. दोन जॉइंटमध्ये वरचा बार हातानं हलवला की कपलर खुळखुळत होता, ते ग्राइंडरवाले.

असा जॉइंट तसाच ठेवला तर बार मोडायच्या आधी आटे सोलून निघतात, एकदम, काही इशारा न देता. मग ते सात बार आम्ही असे सोडवले. पाचांचे आटे शाबूत होते, तिथं कपलर उतरवून स्लरी सुईसारख्या टोकानं आट्या-आट्यातून काढली, पाण्यानं आणि हवेनं साफ केलं, गो गेज चढवून बघितला आणि परत कसलं. उरलेल्या दोघांचे आटे कापूनच टाकले आणि डिझायनरला विचारून तिथं बोल्टवाला कपलर घेतला, ज्यात आटे लागत नाहीत, बाजूचे बोल्ट बारला चावतात आणि ठरलेल्या जोराला बोल्टचं डोकंच तुटून पडतं. तो कपलर जाड आणि लांब असतो, म्हणून तो आतल्या बाजूला फिरवून बोल्ट कॉलमच्या गाभ्याकडं ठेवले, नाहीतर कव्हर गेलं असतं. त्यानंतर प्रत्येक काँक्रीटच्या आधी टोप्यांवर चिकटपट्टी गुंडाळायला लावली.

भारी बीममध्ये

बीमला गर्दी आणखी कडक असते. ४५० रुंद बीम, कव्हर ३०, रिंग १०, आत उरले ३७० मिमी. खालच्या थरात ६ बार ३२ चे, म्हणजे १९२ मिमी लोखंड आणि बारमध्ये ३५ मिमीची फट. सहाही बार एका ठिकाणी लॅप केले तर नुसतं लोखंडच ३८४ मिमी, आत बसतच नाही. तीन केले तर नऊ बार, २८८ मिमी, आणि लॅपच्या जोड्या चिकटून धरल्या तरी फटी १६ मिमीच्या, २० ची खडी वरच अडकणार. कपलर घेतले तर? इथं पण सावध राहायचं. सहाही कपलर एका रेषेत आले तर दोन कपलरमधली फट साडेसतरा मिमीच राहते, खडी अडकणारच. तीन इथं आणि तीन पुढं घेतले तर कपलर आणि शेजारच्या बारमध्ये साडेसव्वीस मिमी मिळतात, खडीच्या २० अधिक ५ च्या हिशोबात बसतं. म्हणजे स्टॅगर कपलरला पण लागतोच.

बीमची दुसरी अडचण फिरवण्याची. टोकाला एल वळवलेला बार किंवा बांधून झालेल्या पिंजऱ्यातला बार फिरवता येत नाही. त्यासाठी एका बारवर पूर्ण कपलरच्या लांबीएवढे आटे पाडतात, कपलर आधी त्याच बारवर पूर्ण मागं नेतात, दुसरा बार समोर टेकवतात आणि मग बार न फिरवता कपलरच उलटा फिरवत त्याच्यावर आणतात. इथं लॉक नट लागतो आणि तो कसावाच लागतो, नाहीतर टोकं टेकल्याशिवायच जॉइंट सुटा राहतो. हे लांब आट्याचे बार किती आणि कुठं हे थ्रेडिंगच्या आधी बारच्या यादीत लिहा, नंतर आठवलं तर बार परत कापावा लागतो. आणि जागा निवडताना वरच्या बारचा जॉइंट आधारापाशी नको, खालच्या बारचा मध्यावर नको, हा नियम कपलर आला म्हणून बदलत नाही.

टेस्टिंगला तुकडे पाठवताना एक आग्रह धरा, साईटवर त्याच मशीनवर, त्याच माणसानं केलेल्या बारमधूनच नमुना काढायचा, कंपनीनं सोबत आणलेला चकचकीत तुकडा नाही. ३२ च्या बारचं क्षेत्रफळ ८०४ चौ. मिमी, म्हणजे एफई ५०० ला ४०२ किलोन्यूटनला तो कायमचा ताणला जायला सुरुवात होणार आणि निदान ४३८ पर्यंत तुटता कामा नये. रिपोर्टमध्ये नुसता आकडा बघू नका, तुटला कुठं ते बघा. कपलरपासून लांब, बारच्याच अंगात, मान बारीक होऊन तुटला असेल तर काम चोख आहे. आट्याच्या मुळाशी तुटला तर फोर्जिंग कमी पडलंय. आणि आटे सोलून बार कपलरमधून नुसता बाहेर आला असेल तर आकडा पास असला तरी त्या दिवशीचं थ्रेडिंग थांबवा, मशीनचे दात बघा, आणि त्या लॉटचे उभे केलेले बार परत गेजनं तपासा.